गावातील ४१ शेततळी नकाशावर आणताना: ४३२६, ३८५७ आणि ३२६४३ यांच्या नोंदी

लातूर तालुक्यातील एका गावाच्या पाण्याच्या ताळेबंदासाठी आम्ही तिघांनी तेथील शेततळ्यांची मोजणी केली. आमच्यापैकी कोणीही भूमापनाचे शिक्षण घेतलेले नाही. हेच काम दुसऱ्या गावात कोणी हाती घेतल्यास आमचे वाया गेलेले दिवस तरी त्यांचे वाचावेत, म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत.

१२ जानेवारी २०२५

दोन दिवस शिवारात फिरून प्रत्येक शेततळ्याच्या ईशान्य कोपऱ्यावर उभे राहून हातातल्या जीपीएस यंत्रावर बिंदू नोंदवला. एकूण ४१ तळी झाली. यंत्राने प्रत्येक बिंदूचे अक्षांश आणि रेखांश दशांश अंशांत दिले. हे आकडे डब्ल्यूजीएस ८४ या प्रणालीतले असतात आणि त्यांच्यासाठी संगणकावर `EPSG:4326` हा संकेतांक वापरतात. त्यात पृथ्वी किंचित चपटी मानलेली असते आणि एकक अंश असते, मीटर नव्हे. तेव्हा आम्हाला एवढेच ठाऊक होते, आणि तेवढे पुरेल असे वाटले होते.

१४ जानेवारी

संपूर्ण संध्याकाळ वाया गेली. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या संगणकीय साधनात रिकामा प्रकल्प उघडून आधी ओपनस्ट्रीटमॅपचा पायाभूत नकाशा घेतला आणि मग बिंदूंची सीएसव्ही फाइल आणली. बिंदू दिसेनात. फाइलमधल्या स्तंभांची नावे, स्वल्पविराम, रिकाम्या ओळी असे सगळे तपासून झाले. शेवटी त्या थरावर झूम करण्याचा पर्याय दाबला, तेव्हा नकाशा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे मिळतात त्या ठिकाणी जाऊन थांबला. तिथे आमची ४१ तळी पाच सेंटिमीटरच्या आत दाटीवाटीने बसलेली होती.

कारण असे निघाले. रिकाम्या प्रकल्पात जो थर पहिला येतो, त्याचीच निर्देशांक प्रणाली प्रकल्पाला लागते. पायाभूत नकाशा पहिला आल्यामुळे प्रकल्प `EPSG:3857` मध्ये गेला आणि सीएसव्ही आणताना विचारलेल्या प्रणालीच्या जागी माझ्या सहकाऱ्याने प्रकल्पाचीच प्रणाली निवडली. ३८५७ मध्ये एकक मीटर असते. त्यामुळे ७६.५८ हा रेखांश ‘शून्यापासून ७६.५८ मीटर पूर्वेला’ असा वाचला गेला आणि १८.४० अक्षांश ‘१८.४० मीटर उत्तरेला’ असा. पाच किलोमीटरचे शिवार अंशांत साधारण ०.०५ इतकेच भरते, म्हणून सगळे गाव पाच सेंटिमीटरमध्ये मावले.

फाइल पुन्हा आणून प्रणाली ४३२६ निवडली आणि सगळे बिंदू जागेवर आले. यात कुठलेही रूपांतर झालेले नव्हते. आकडे मुळात ४३२६ चेच होते आणि आम्ही फक्त त्यांच्यावरची खोटी पाटी काढून खरी लावली. हा भेद त्या दिवशी नीट लक्षात आला असता तर १९ तारखेची चूक टळली असती.

१६ जानेवारी

मोजणीपटाची जबाबदारी असलेल्या सहकाऱ्याने सरळ प्रश्न विचारला: “यंत्र एक भाषा बोलतं आणि नकाशा दुसरी. नकाशावाल्यांनी जीपीएसचाच संकेतांक का घेतला नाही?” प्रश्न रास्त होता, म्हणून वाचून काढलेले इथे लिहून ठेवतो.

जीपीएस यंत्राचे काम एखादी जागा सांगणे एवढेच आहे आणि गोलावरची जागा सांगायला अंश उत्तम. नकाशाला मात्र ती जागा सपाट पडद्यावर मांडावी लागते. वेब नकाशा मुळात चौकोनी फरशांचा बनलेला असतो. सर्वांत बाहेरच्या पातळीवर सगळे जग २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या एकाच फरशीत बसते आणि प्रत्येक पुढच्या पातळीला एका फरशीच्या चार फरशा होतात. त्यासाठी जगाचा नकाशा अचूक चौरस हवा आणि एखादी जागा कितव्या फरशीत येते हे साध्या गणिताने काढता आले पाहिजे. ३८५७ ची योजना याच गरजेतून झाली. रेखांशाला एका स्थिर संख्येने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर मिळते. अक्षांशाला मर्केटर या नकाशा-पद्धतीचे सूत्र लावले की उत्तर-दक्षिण अंतर मिळते. ध्रुव अनंतावर जात असल्यामुळे नकाशा उत्तरेला आणि दक्षिणेला ८५.०५ अंशांवर छाटला जातो. त्याच ठिकाणी उंची रुंदीइतकी होते आणि चौरस पूर्ण होतो.

मर्केटर घेण्याचे दुसरे कारण आकाराचे आहे. अंश जसेच्या तसे आलेख कागदावर मांडले, तर लातूरच्या अक्षांशावर चौरस तळे पूर्व-पश्चिम दिशेने पाच टक्क्यांनी ताणलेले दिसते. आपल्या डोळ्यांना ते कळणारही नाही, पण ६० अंश अक्षांशावरच्या शहरात तोच ताण दुपटीचा होतो आणि काटकोनात मिळणारे रस्ते तिरके दिसू लागतात. मर्केटर दोन्ही दिशांना जवळजवळ सारखेच ताणतो, त्यामुळे कोपरे काटकोनी राहतात आणि उत्तर सदैव वर राहते. त्याची किंमत मोजमापात चुकवावी लागते. ती आम्ही पुढे चुकवलीच.

‘जवळजवळ’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. वेब नकाशा जीपीएसचे चपट्या पृथ्वीवरचे अक्षांश घेतो, पण सूत्र मात्र पूर्ण गोलाचे लावतो, ज्याची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरलेली असते. गणित सोपे होते, परंतु शुद्ध मर्केटरची शिस्त किंचित मोडते. म्हणूनच या प्रणालीच्या अधिकृत नावात ‘छद्म मर्केटर’ अशा अर्थाचा शब्द आहे. अधिकृत संकेतांक मिळण्यापूर्वी लोक तिला ९००९१३ म्हणत असत. गूगल हे इंग्रजी नाव अंकांत लिहिल्यासारखे दिसते म्हणून. जुन्या फाइलींत हा आकडा दिसला तर तो ३८५७ चाच पूर्वज समजावा.

१९ जानेवारी

बिंदूंवरून क्षेत्रफळ निघत नाही, म्हणून उपग्रहचित्रावर प्रत्येक तळ्याच्या काठाची रेघ ओढून बहुकोन काढले. या कामाला सात तास लागले. नवा थर तयार करताना समोर आलेली प्रणाली तशीच ठेवली, म्हणजे ३८५७.

वेब नकाशावर टाकण्यासाठी बहुकोन ४३२६ मध्ये हवे होते. मी थरावर उजवी टिचकी देऊन `Set Layer CRS` मध्ये जाऊन ४३२६ निवडले. सगळे बहुकोन अदृश्य झाले आणि १४ तारखेची पाटीची चूक मी या वेळी उलट दिशेने केल्याचे कळायला तासभर लागला. त्या आदेशाने आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. आकडे अजूनही ८५ लाखांच्या घरातले होते आणि मी संगणकाला ते ‘अंश’ आहेत असे सांगत होतो. ८५ लाख अंशांवर पृथ्वीच नाही.

आकडे खरोखर बदलायचे असतील तर थर नव्या प्रणालीत निर्यात करावा लागतो: `Export` मधून `Save Features As`, आणि तिथे हवी ती प्रणाली. त्याआधी पाटी पूर्ववत ३८५७ करणे आवश्यक आहे, कारण मूळ पाटी चुकीची असेल तर रूपांतरही चुकीचेच होते. आदेशाने करायचे झाल्यास एक ओळ पुरते:

```
ogr2ogr -t_srs EPSG:4326 tali_4326.gpkg tali_3857.gpkg
```

त्या दिवसापासून भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. रेखांश ७५ ते ७८ च्या आसपास आणि अक्षांश १८ ते २० च्या आसपास दिसले तर ते अंश आहेत. पहिला आकडा ८३ ते ८७ लाख आणि दुसरा २० ते २३ लाखांच्या आसपास दिसला तर ते ३८५७ चे मीटर आहेत. मराठवाड्यातला कोणताही बिंदू या कसोटीवर एका दृष्टिक्षेपात ओळखता येतो, मग फाइलवर पाटी काहीही असो.

२० जानेवारी

रूपांतर बरोबर होते की नाही हे पडताळण्यासाठी लातूर शहरातला एक गोल आकड्यांचा बिंदू घेतला: अक्षांश १८.४०, रेखांश ७६.५८. पूर्व-पश्चिम आकडा हातानेही काढता येतो. एका अंशाला १,११,३१९.४९ मीटर धरून त्याला ७६.५८ ने गुणले की ८५,२४,८४७ येतात. उत्तर-दक्षिण आकड्याला लॉगॅरिदम लागतो. तो २०,८४,४२१ येतो. मग हाच बिंदू आदेशाला दिला:

```
echo "76.58 18.40" | cs2cs EPSG:4326 EPSG:3857
```

उत्तर आले ते असे की पहिला आकडा २० लाख ४८ हजार आणि दुसरा १ कोटी ३६ लाखांच्या पुढे. नकाशावर हा बिंदू उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांलगतच्या समुद्रात पडतो. भिंतीवरच्या कागदाने लगेच इशारा दिला. ४३२६ च्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश आणि मग रेखांश असा क्रम आहे आणि हा आदेश तो क्रम काटेकोरपणे पाळतो. क्रम बदलून `18.40 76.58` दिल्यावर अपेक्षित आकडे आले.

डोकेदुखी अशी की `gdaltransform` हा आदेश त्याच संकेतांकासाठी आधी रेखांश मागतो. वेब नकाशाला आकार पुरवणाऱ्या जिओजेसन फाइलमध्येही आधी रेखांश असतो, तर वेब नकाशासाठी वापरलेल्या लीफलेटला बिंदू देताना आधी अक्षांश द्यावा लागतो. यात कोण बरोबर आणि कोण चूक हे ठरवण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. प्रत्येक साधनाला आधी लातूरचा हाच बिंदू देऊन पाहायचा आणि तो लातुरात पडला तरच पुढे जायचे, एवढाच नियम केला.

२४ जानेवारी

हा दिवस सर्वांत महागात पडला असता. बहुकोनांच्या ३८५७ मधल्या फाइलवर `area($geometry)` हे सूत्र चालवून क्षेत्रफळांची बेरीज केली. ती ३८,६३४ चौरस मीटर आली आणि ताळेबंदात लिहूनही झाली.

दुपारी पारावर यादी वाचून दाखवत होतो. एका तळ्याचे क्षेत्रफळ १,००८ चौरस मीटर असे वाचताच त्याचे मालक असलेले काका म्हणाले, “सर, माझं तळं तीस बाय तीसचं हाय. फीत मीच धरली व्हती. नऊशेच्या वर एक मीटर बी न्हाई.” मी उपग्रहचित्र, काठाची जाडी अशी कारणे सांगू लागलो. काकांनी ती ऐकून घेतली आणि फीत आणायला मुलाला घरी पाठवले. संध्याकाळी तळ्यावर फीत धरली तेव्हा दोन्ही बाजू तीस मीटर भरल्या.

रात्री हिशेब मांडला. मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका नकाशा फुगतो. गोल पृथ्वी धरली तर हा फुगवटा अक्षांशाच्या कोसाइनने १ ला भागल्याइतका असतो. १८.४ अंशांसाठी तो १.०५४ येतो. पृथ्वीचा चपटेपणा धरला तर पूर्व-पश्चिम १.०५४ आणि उत्तर-दक्षिण १.०६० येतो. क्षेत्रफळात दोन्ही गुणले जातात, म्हणून १.११७. काकांचे १,००८ चौरस मीटर या आकड्याने भागले की जवळपास ९०३ होतात. वरचे तीन चौरस मीटर ही माझ्या हाताने रेघ ओढताना झालेली चूक. बाकीची सगळी प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीची, आणि ती ४१ तळ्यांना एकाच प्रमाणात लागलेली होती. सगळेच सारखे फुगल्यामुळे यादीत कुठलेही तळे वेगळे उठून दिसत नव्हते. फीत नसती तर ही चूक आम्हाला कधीच दिसली नसती.

बेरीज ३८,६३४ नव्हे, सुमारे ३४,६०० चौरस मीटर. फरक ४,०३४ चौरस मीटरचा. पाण्यात त्याचा अर्थ काय होतो ते पाहिले. तीस बाय तीस आणि तीन मीटर खोल तळ्याच्या भिंतींना दीडास एक उतार दिला की तळाशी एकवीस बाय एकवीस उरतात आणि तळ्यात १,९७१ घनमीटर पाणी मावते, म्हणजे काठावरच्या दर चौरस मीटरमागे जवळपास २.१९ घनमीटर. सगळी तळी याच घाटाची धरली तर आम्ही ताळेबंदात सुमारे ८८ लाख लिटर असे पाणी लिहिले होते जे गावात अस्तित्वातच नाही. बारा हजार लिटरच्या टँकरच्या सातशेहून अधिक खेपा. मार्च-एप्रिलचे नियोजन याच आकड्यावर होणार होते.

२५ जानेवारी

मग क्षेत्रफळ कशात काढायचे? ४३२६ मध्ये तेच सूत्र चालवून पाहिले, तर काकांच्या तळ्याचे उत्तर ०.०००००००७७ आले. हे चौरस अंश आहेत आणि त्यांचा व्यवहारात काही उपयोग नाही. ही चूक निदान उघडी तरी पडते. ३८५७ चे उत्तर खरे वाटण्याइतके जवळ असते, म्हणून ते अधिक घातक.

मोजमापासाठी यूटीएम ही प्रणाली योग्य ठरली. तीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्याला स्वतःचे प्रक्षेपण असते. ७२ ते ७८ अंश रेखांशांचा उत्तर गोलार्धातला ४३ वा पट्टा आपल्याला लागू होतो. त्याचा संकेतांक `EPSG:32643`.

```
ogr2ogr -t_srs EPSG:32643 tali_32643.gpkg tali_3857.gpkg
```

या फाइलवर तेच सूत्र चालवल्यावर काकांचे तळे ९०३ चौरस मीटर आले. लातूरजवळ या पट्ट्यातली क्षेत्रफळाची चूक ९०० चौरस मीटरमागे ०.१ चौरस मीटर एवढीच असते. आमच्या हाताच्या थरथरीपुढे ती काहीच नाही. क्यूजीआयएसमध्ये `$area` हे दुसरे सूत्रही आहे. ते प्रकल्पात निवडलेला लंबगोल, म्हणजे पृथ्वीचा चपटा आकार, विचारात घेऊन कोणत्याही प्रणालीतून जमिनीवरचे क्षेत्रफळ देते. त्यानेही ९०३ च दिले. दोन सूत्रांची उत्तरे जुळत नसतील, तर थराची प्रणाली तपासायची वेळ आली असे समजावे.

एक खाचखळगा इथेच नोंदवतो. लातूरचा तो बिंदू ३२६४३ मध्ये सुमारे ६ लाख ६७ हजार आणि २० लाख ३५ हजार असा येतो. ३८५७ मध्ये त्याचा दुसरा आकडा २० लाख ८४ हजार आहे. दोन्ही दुसरे आकडे एकमेकांसारखेच दिसतात, म्हणून ओळखताना नेहमी पहिला आकडा पाहावा. सहा अंकी असेल तर यूटीएम, सात अंकी असेल तर ३८५७. भिंतीवरच्या कागदात ही भर घातली.

२८ जानेवारी

क्षेत्रफळ दुरुस्त झाले म्हणून निश्चिंत होतो, पण अंतरांतही तोच रोग निघाला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढून त्यात येणाऱ्या खासगी विहिरींची यादी केली होती. ते वर्तुळही ३८५७ मध्ये काढलेले होते. नकाशावरचे ५०० मीटर म्हणजे जमिनीवर पूर्व-पश्चिम ४७५ आणि उत्तर-दक्षिण ४७२ मीटर. पूर्वेकडे ४८५ मीटरवर असलेली एक विहीर त्यामुळे यादीतून सुटली होती. ३२६४३ मध्ये वर्तुळ पुन्हा काढल्यावर ती आत आली. आधीच्या यादीच्या प्रती दोघांना दिल्या होत्या. त्या स्वतः जाऊन परत घेतल्या.

२ फेब्रुवारी

आता फाइलींची व्यवस्था अशी आहे. मूळ नोंद ४३२६ मध्ये राहते आणि तिला कोणी हात लावत नाही. मोजमापाची प्रत ३२६४३ मध्ये तयार होते आणि त्यातून निघालेले क्षेत्रफळ आकडा म्हणून मूळ फाइलच्या स्तंभात लिहिले जाते. वेब नकाशासाठी ३८५७ ची वेगळी प्रत करण्याची गरजच नाही, हे आम्हाला सर्वांत उशिरा कळले. लीफलेट ४३२६ मधले जिओजेसन घेते आणि पडद्यावर दाखवताना स्वतःच ३८५७ मध्ये बदलते. स्वतःच्या चित्रांच्या फरशा बनवायच्या असतील तरच आपल्याला ३८५७ मध्ये जावे लागते. नवा थर तयार करताना प्रणालीची चौकट वाचायची आणि ३८५७ दिसली तर बदलायची, हे आता तिघांच्याही अंगवळणी पडले आहे.

जीपीएस यंत्राची स्वतःची तीन ते पाच मीटरची चूक यांतल्या कोणत्याही रूपांतराने कमी होत नाही. बिंदू आणि उपग्रहचित्र यांत तेवढा फरक दिसला तर प्रणाली बदलत बसू नये.

९ फेब्रुवारी

नांदेड जिल्ह्यात हेच काम करणाऱ्या एका गटाने आमचे आदेश जसेच्या तसे घेतले. त्यांचे गाव किनवटजवळ आहे आणि किनवट ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे येते. तिथे ४४ वा पट्टा लागतो, म्हणजे `EPSG:32644`. रेषेच्या इतक्या जवळ ४३ व्या पट्ट्यात काढलेले क्षेत्रफळही शंभरात एक चौरस मीटरसुद्धा चुकणार नाही. पण त्यांच्या यूटीएम फाइली त्याच तालुक्यातल्या ४४ व्या पट्ट्यातल्या दुसऱ्या फाइलींच्या आकड्यांशी जुळेनात आणि दोन दिवस ते आपलीच चूक शोधत राहिले. भिंतीवरच्या कागदाचे छायाचित्र त्यांना पाठवताना खाली एक ओळ हाताने वाढवली: ‘माहूर ४३, किनवट ४४.’